लागेल तेव्हा, लागेल तेवढं

माझ्या हातून आयुष्यात एकच मोठी सुधारणा झाली, आणि तिच्यापायी एका भल्या माणसाची नोकरी गेली. सुधारणेबद्दल माझं कौतुक झालं. नोकरीबद्दल कुणी काही बोललं नाही. मीही नाही. म्हणून आता बोलतो.

अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी स्टोअरबाबू म्हणून लागलो तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि अक्कल त्याच्या दुप्पट आहे अशी माझी खात्री होती. अमरावतीच्या कॉलेजातून बी.कॉम. होऊन आलेलो. घराण्यातला पहिलाच पदवीधर. आमच्या आळीत मला बघायला माणसं यायची, आणि अशा माणसाला नोकरीत पहिल्या दिवसापासून काहीतरी सुधारावंसं वाटतं. तो एक आजारच असतो.

सुधारायला समोर होतं ते गोदाम. जिनात कापसातून सरकी वेगळी होते, उरते ती रुई. ती प्रेसमध्ये दाबून तिची गठाण बांधायची, वरून तरट, आणि त्यावर आठ-दहा लोखंडी पट्ट्या आवळायच्या. पट्टी नसेल तर गठाण होत नाही. प्रेस उघडली की दाबलेली रुई फुगून पुन्हा ढीगच. एवढ्या मोठ्या कारखान्यात सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती म्हणाल तर ती पट्टी. आणि आमच्याकडे दसऱ्याच्या आत अख्ख्या हंगामाच्या पट्ट्या येऊन पडत. छतापर्यंत बंडलं. शेजारी तरटाचे गठ्ठे. त्या सगळ्यांचे राजे आमचे चाचा.

चाचा तेवीस वर्षं त्या गोदामावर होते. बुटके, डोक्यावर पांढरी टोपी, हाताला कायम गंजाचा वास. लिहिणं-वाचणं बेताचंच, पण पट्टी वाकवून, कानाशी नेऊन टिचकी मारत आणि सांगत, "ही टिकते. ही प्रेसमंदी तुटन." तुटायचीच. मला पहिल्या दिवशी त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "बाबू, तुमी कागद सांभाळा, मी लोखंड सांभाळतो. दोघायचं जमन." मला ते आवडलं नाही. बी.कॉम. माणसाला लोखंडवाल्यानं बरोबरीत धरावं म्हणजे काय!

मी दोन महिने निरीक्षण केलं. निरीक्षण म्हणजे खुर्चीवर बसून दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं. चुका होत्याही. तळातली बंडलं गंजत होती, दरसाल शेकड्यानं पट्ट्या भंगारात जात. तरट उंदरांनी खाल्लेलं. मार्चमध्ये लागणाऱ्या पट्टीचे पैसे सप्टेंबरात मोजलेले, तेही बँकेकडून व्याजानं घेऊन. त्यावर विमा. त्यावर रखवाली. मी शेटजींकडे कागद घेऊन गेलो आणि म्हटलं, "शेटजी, तुमचा पैसा गोदामात गंज खाऊन राहिला."

शेटजींच्या कानाला 'पैसा' हा शब्द कुठूनही ऐकू येई. त्यांनी चष्मा लावला.

माझी योजना सोपी होती. मुंबईच्या व्यापाऱ्याशी हंगामाचा भाव आधीच ठरवायचा, पण माल एकदम घ्यायचा नाही. दर शनिवारी पट्ट्या मोजायच्या, पुढच्या आठवड्यात किती गठाणी निघतील ते बघायचं आणि तेवढ्याच पट्ट्यांचं पत्र टाकायचं. आठव्या-नवव्या दिवशी माल अकोल्याच्या मालधक्क्यावर हजर. हाताशी पंधरा दिवसांचा साठा ठेवला तरी बस्स. थोडा थोडा माल आणला तर रेल्वेचं भाडं जरा जास्त बसतं, हेही मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण व्याज, गंज, उंदीर, विमा हे सगळं वाचलेलं त्याच्या कितीतरी पुढं जात होतं. आणि गोदाम रिकामं झालं की ते भाड्यानं देता येत होतं.

"लागेल तेव्हा, लागेल तेवढं," मी म्हणालो. हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

चाचांनी ऐकलं आणि हसले. "बाबू, हे म्हणजे तहान लागल्यावर हीर खंदायची."

"विहीर मुंबईला खणलेलीच आहे, चाचा. आपण फक्त बादली सोडायची."

"अन् दोर?" चाचा म्हणाले. "दोर तं रेल्वेचा हाय. तो आपल्या हाती हाय का?"

अडाणी माणसाच्या प्रश्नाला उत्तर देऊ नये, असं तेव्हा मला वाटायचं.

पहिला हंगाम लोण्यासारखा गेला. खोटं कशाला सांगू, माझी योजना चुकीची नव्हतीच. पट्ट्या येत, पंधरवड्याच्या आत गठाणींवर चढून निघून जात. गंज नाही, उंदीर नाही. बँकेचं व्याज उतरलं. शेटजींचा दुसरा कारखाना अमरावतीला होता, तिथल्या स्टोअरबाबूलाही माझी रीत शिकवायला मला पाठवलं. तो माझ्यासारखाच, हुशार आणि तेल लावून भांग पाडणारा. आमचं लगेच जमलं. गावातले दुसरे कारखानदारही येऊन विचारून गेले आणि एकेकानं तीच रीत उचलली. मी चहा पीत सगळ्यांना समजावून सांगितलं. फुकट.

त्यात एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्याकडच्या कारखान्यांत पट्ट्यांची हातउसनवारी चाले. एखाद्याकडे कमी पडल्या की शेजारच्या जिनातून बंडलं उचलून आणायची, आपला माल आला की परत द्यायची. घरातल्या साखरेच्या वाटीसारखं. कुणी लिहून ठेवत नसे. मी माझ्या कागदात ही उसनवारी धरली होती. यश डोक्यात गेल्यावर पंधरा दिवसांचा साठा मी सहा दिवसांवर आणला, आणि समासात लिहिलं, 'अडचण आल्यास शेजारून अथवा अमरावतीहून.' शेटजी म्हणाले, "वा!"

मग दिवाळीच्या आधी शेटजींनी विचारलं, "गोदाम तं रिकामं हाय. त्या चाचाले पगार कायचा देऊन राहिलो आपण?"

मी तेव्हा एक वाक्य बोलू शकलो असतो. बोललो नाही. "बघा बुवा," म्हणालो. हे दोन शब्द म्हणजे नामर्दाची सही.

चाचांचा हिशेब झाला. गोदाम सरकीच्या व्यापाऱ्याला भाड्यानं गेलं. किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवताना चाचा भांडले नाहीत, एवढंच म्हणाले, "बाबू, मले दुसरं काई येत नाई. लोखंड ओयखता येते फक्त. शेटजीले कधी सांगता आलं तं सांगा." मी म्हटलं, "सांगतो ना, नक्की सांगतो." त्या दिवसापासून ते नमाजाहून परतताना कारखान्याच्या फाटकाशी क्षणभर थांबत. विचारत काही नसत. मी खिडकीतून बघे आणि कागदात डोकं घाली.

दुसरा हंगाम ऐन भरात आला. कापूस उदंड. फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग सडकेपर्यंत. आणि एका मंगळवारी मालधक्क्यावरच्या बाबूनं मला सांगितलं, "मुंबईकडून सुट्या मालाचं बुकिंग बंद आहे. सगळे डबे धान्याला लावलेत."

"किती दिवस?"

"धान्य संपेपर्यंत," तो म्हणाला. "का, तुम्हाला गहू नको आहे?"

आता धान्याशी भांडायचं कोणत्या तोंडानं? लोकांच्या पोटात गहू जायचा होता आणि मी लोखंडाच्या पट्ट्या मागत होतो. मी मुंबईला तार केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. तिसऱ्या दिवशी, आधीच्या तारा पोचल्या नसतील म्हणून, आणखी जास्त माल मागवला. मग शेजारच्या जिनात गेलो. तिथला बाबू मला बघून खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "बरं झालं आलात. मी तुमच्याकडंच निघालो होतो." त्याच्या पुढच्या जिनात तसंच. त्याच्याही पुढं तसंच. सगळं गाव माझ्या रीतीनं चालत होतं. सगळ्यांनी समासात 'शेजारून' असं लिहिलेलं होतं आणि शेजारी कुणाकडेच काही नव्हतं.

राहिली अमरावती. फोन लागेना. शेटजींनी चिठ्ठी लिहून दिली, 'सोबतच्या इसमास द्याल तितकी बंडलं द्यावी', आणि मी सकाळच्या गाडीनं निघालो. बडनेऱ्याला अमरावतीची गाडी बदलावी लागते. फलाटावर उतरलो तर समोरून आमचा अमरावतीचा भांग पाडलेला बाबू लगबगीनं येतोय. मला वाटलं, वा, न्यायला आला!

"इकडं कुठं?" मी विचारलं.

"अकोल्याले. तुमच्याकडंच." त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. अमरावतीच्या मॅनेजरांचं अक्षर. 'सोबतच्या इसमास द्याल तितकी बंडलं द्यावी.'

मीही माझी काढली. आम्ही दोघांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचल्या. मग बाकावर बसलो.

"तुमी लिहिलं होतं नं," तो म्हणाला, "अडचण आल्यास अकोल्याहून."

"मी लिहिलं होतं अमरावतीहून."

"तुमच्या कागदात अमरावती. मंग माह्या कागदात अकोला. तुमीच शिकवलं बाप्पा."

खरं होतं. त्याला मीच शिकवलं होतं. मला हसू आलं. एकच साठा आम्ही दोघांनी धरला होता, आणि तो कुठंच नव्हता. आम्ही दोन भजी-पाव खाल्ले, आपापल्या गाडीनं परत गेलो. तिकिटाचे पैसे मात्र दोघांनीही कारखान्याच्या खर्चात टाकले.

शनिवारी आमची प्रेस थांबली. पण प्रेस थांबून भागत नाही, हे मला कागदावर कधी दिसलं नव्हतं. जिनं चालूच होती, रुई निघत होती, गठाण होत नव्हती. रुईच्या खोल्या छताला लागल्या. वऱ्हांड्यात रुई. एखादी ठिणगी पडली असती तर सगळं स्वाहा. म्हणून सोमवारी जिनंही बंद केली. जिनं बंद तर कापूस घ्यायचा कशाला? काटा बंद. बाहेर गाडीवाले बैल सोडून सडकेवर बसले. आणि जिनावर कापूस टाकणाऱ्या साठ-सत्तर बायकांना फाटकावरूनच परत पाठवलं. त्यांची रोजी त्या दिवसाची, काम नाही तर पैसा नाही.

मीच फाटकावर उभा राहून सांगत होतो. त्यातल्या एकीनं, आमच्याच वस्तीतल्या, माझ्या आईच्या ओळखीच्या बाईनं, मला आडवं घेतलं.

"कापूस हाय?"

"आहे मावशी."

"जिन हाय?"

"आहे."

"आमी तं उभ्याच हाओ. मंग नाई काय?"

"पट्ट्या नाहीत."

"पट्ट्या?" ती म्हणाली. "त्या तं त्या गोदामात छताले लागून रायत होत्या. कोनं खाल्ल्या?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, आणि मला त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आई संध्याकाळी एवढंच म्हणाली, "तू शिकला, बरं झालं. त्याइच्या घरी आज चूल नाई पेटली." मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी शेटजी म्हणाले, "त्या चाचाले बोलाव."

मी स्वतः गेलो. वाटेत भाषण तयार केलं होतं. चाचांनी ऐकून न घेताच चपला घातल्या. "किती दिवस झाले बंद?" म्हणाले. "चार? अरे खुदा. अन् मले आज सांगून राहिले?"

त्यांनी केलेलं काम मोठं नव्हतं, पण मला ते सुचलं नसतं. ते थेट भंगारवाल्यांकडे गेले. गेल्या कित्येक वर्षांच्या तुटक्या, गंजक्या पट्ट्या तिथं पडून होत्या, त्यातल्या निम्म्या त्यांनीच विकलेल्या. एक एक वाकवून, टिचकी मारून निवडल्या. दोन लोहार बसवले. तुकडे सरळ करायचे, एकावर एक ठेवून रिबीट मारायचा, की एक पट्टी तयार. दिवसाला थोड्याच गठाणी निघत, पण निघत. "पूरी प्रेस नोका चालवू," ते म्हणाले, "गठाण जितकी निंघन तितकंच जिन चालवा." मग जिनं अर्धा दिवस चालू लागली. बायकांच्या दोन पाळ्या केल्या, एक दिवस एकीनं, एक दिवस दुसरीनं. निम्मी का होईना, रोजी सुरू झाली. ती मावशी आत जाताना चाचांना म्हणाली, "तुमी होते तं बरं होतं." माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

आठ दिवस चाचा राहिले. रोजंदारीवर. संध्याकाळी मला म्हणाले, "बाबू, आता तं शेटजीच्या ध्यानात आलं असन. सांगान नं?"

"या वेळी सांगतोच, चाचा," मी म्हणालो. आणि खरंच ठरवलं होतं.

मग बुकिंग सुरू झालं आणि पट्ट्या आल्या. आल्या म्हणजे कशा! माझं नेहमीचं पत्र, पहिली तार, दुसरी तार, तिसरी वाढीव तार, व्यापाऱ्यानं इमानदारीनं सगळ्यांचा माल पाठवला. अमरावतीच्या बाबूनं घाईत अकोल्याच्या नावानं मागवलेलाही आला. ठेवायला जागा नाही, कारण गोदामात सरकी. पट्ट्या अंगणात, दवात पडून राहिल्या आणि डोळ्यांदेखत तांबूस होऊ लागल्या. अति तिथं माती म्हणतात, आमच्याकडे लोखंडाची झाली.

शेटजींनी हिशेब मागितला. मी रात्रभर... नाही, दुपारभर बसून केला. दोन हंगामांचं वाचलेलं व्याज, गंज, विमा, गोदामाचं भाडं, चाचांचा पगार, एका बाजूला. बंद पडलेले दिवस, तारा, भंगार, लोहार, दुसऱ्या बाजूला. तीन वेळा बेरीज केली. दरवेळी आम्ही फायद्यातच निघत होतो. शेटजी खूश झाले. मला मात्र कळत होतं बेरीज फायद्याची का येतेय. बायकांची बुडालेली रोजी आमच्या हिशेबात नव्हती. सडकेवर बैल घेऊन बसलेल्यांचे दिवस नव्हते. ते नुकसान झालं होतं, फक्त आमचं झालं नव्हतं.

म्हणून मी एक टिपण लिहिलं. आयुष्यातलं पहिलं प्रामाणिक टिपण. बाकी सगळा माल लागेल तसा आणावा, पण जी वस्तू स्वस्त आहे आणि जिच्यावाचून सगळं अडतं, ती पट्टी महिनाभराची हाताशी असावी. दुसऱ्याच्या साठ्यावर भिस्त ठेवू नये, कारण अडचण येते तेव्हा ती सगळ्यांना एकदमच येते. सरकीवाल्याकडून गोदामाचा एक कोपरा परत घ्यावा. आणि शेवटी, ठळक अक्षरात, 'हा साठा पारखून, फिरवून, जुना आधी वापरून टिकवण्यासाठी जाणकार माणूस लागेल. चाचांना परत घ्यावे.'

शेटजींनी ते दोनदा वाचलं. मान हलवली. "बरोबर लिवलं. एकदम बरोबर. महिन्याच्या पट्ट्या ठेवू. कोपरा घेऊ." मग पेन उचललं आणि शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"शेटजी, चाचा..."

"पट्ट्या जाग्यावरच पडून रायतात, बाबू. त्याइले माणूस कायले पायजे? तुमी हायेच नं." आणि हसून म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तुमचा पगार वाढवून राहिलो."

मी भांडायला हवं होतं. राजीनामा फेकायला हवा होता. मी "आभारी आहे" म्हणालो.

चाचांकडे जायला मला चार दिवस लागले. दारातच त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि समजले. मीच बडबडत राहिलो, मी लिहिलं होतं चाचा, शपथेवर, ठळक अक्षरात लिहिलं होतं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, "पट्ट्या ठेवतायत नं आता?"

"हो. महिन्याच्या."

"अच्छा केलं. कोनत्या कोपऱ्यात?"

मी सांगितलं. ते एकदम पुढं सरसावले. "त्या बाजूनं नोका ठेवू! मागच्या भितीतून पानी झिरपते, वरून दिसत नाई. खाली लाकडाच्या फळ्या टाका, भितीपासून हातभर दूर. अन् नवा माल आला की जुना पुढं ओढा, नाईतं तयचा तसाच सडते. लिवून घ्या बाबू, इसरान."

मी खिशातून पेन काढलं आणि लिहून घेतलं. चाचा सांगत गेले, मी लिहीत गेलो, पुरी दोन पानं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी एक शब्द मी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं त्याप्रमाणे केलं. फळ्या टाकल्या, भिंतीपासून हातभर अंतर सोडलं, जुनी बंडलं पुढं ओढून घेतली. शेटजी बघायला आले, सगळीकडे फिरले, खाली वाकून फळ्यासुद्धा बघितल्या.

"वा बाबू," ते म्हणाले, "हे कुठून सुचलं तुमाले?"

"अनुभवानं," मी म्हणालो.